विषय: प्रबंधाचे मुद्रितशोधन – मानधन, वेळ आणि कामाचे स्वरूप

नमस्कार वैजयंतीताई,

प्रबंधाच्या दोन्ही फायली मिळाल्या. जात्यावरच्या ओव्यांवरचं काम बऱ्याच दिवसांनी हाती येतंय, त्यामुळे नमुन्याची दहा पानं वाचायला घेतली आणि तिसरं प्रकरण संपवूनच थांबले. फोनवर अंदाज सांगितला होता, आता नक्की आकडे देते.

एकूण पाने 412, शब्द साधारण 1,08,000. दोन वाचनांचे मिळून प्रतिशब्द 25 पैसे, म्हणजे 27,000 रुपये. संदर्भसूचीच्या 38 पानांचे वेगळे 3,000, कारण तिथे शुद्धलेखनापेक्षा स्वल्पविराम, वर्षे आणि आडनाव-नावाचा क्रम यांतच वेळ जातो. एकूण 30,000 रुपये. माझी जीएसटी नोंदणी नाही, तेव्हा यावर कर लागणार नाही. सुरुवातीला 12,000, पहिलं वाचन हाती पडल्यावर 12,000 आणि अंतिम फाइल मिळाल्यावर 6,000 द्यावेत.

सोमवार, 12 जानेवारीला सुरुवात करता येईल. पहिल्या वाचनात मी दिवसाला वीस पानांच्या वर वाचत नाही. त्यापुढे डोळे ओळीवरून नुसते घसरतात आणि चुका निसटतात. रविवार आणि 26 जानेवारी सोडून 5 फेब्रुवारीला पहिलं वाचन पूर्ण होईल. मग आठवडाभर फाइल तुमच्याकडे. तुमची उत्तरं 12 तारखेपर्यंत आली तर दुसरं वाचन करून 21 फेब्रुवारीला संध्याकाळी अंतिम फाइल देईन. तुम्हाला 10 मार्चला प्रबंध सादर करायचाय, म्हणजे छपाई-बांधणीला दोन आठवडे मिळतात. तुमच्याकडून उत्तरांना उशीर झाला तर पुढच्या तारखा तितक्याच पुढे जातील, एवढं लक्षात असू द्या.

यात शुद्धलेखन (महामंडळाच्या 1962 आणि 1972 च्या नियमांनुसार), विरामचिन्हे, वाक्यरचनेतल्या ढोबळ चुका, तळटीपांचे क्रमांक, अनुक्रमणिकेतली पाने आणि कोष्टकांची शीर्षके हे सगळं आलं. प्रत्येक दुरुस्ती वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस लावून करते, म्हणजे काय बदललं ते तुम्हाला दिसेल आणि नको ते नाकारता येईल. सोबत दोन-तीन पानांची शब्दयादी देईन: कोणता शब्द आपण कसा लिहायचा ठरवला, ते त्यात असेल. एकट्या तिसऱ्या प्रकरणात ‘स्त्रिया’ आणि ‘स्त्रीया’, ‘लोकसाहित्य’ आणि ‘लोक साहित्य’ अशा जोड्या आहेत. एका गावाचं नाव तर तीन प्रकारे आलंय. ते नकाशात आणि परिशिष्टातही आहे, म्हणून त्याचा निर्णय तुम्हीच कळवा.

आणखी एक. पहिली दोन प्रकरणं जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेली दिसतात. तिथे ‘दुसऱ्या’चं थेट ‘दुसर्या’ झालंय, आणि ‘आचाऱ्याला’ असायला हवं तिथे ‘आचार्याला’ छापलंय. गावजेवणाच्या वर्णनात स्वयंपाक करणाऱ्याचा विद्वान झाला! हे सरसकट शोधून बदलता येत नाही, प्रत्येक जागा वाचूनच ठरवावी लागते. त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत.

ओव्यांना मात्र मी हात लावणार नाही. बायांनी ‘पानी’ म्हटलं असेल तर ‘पानी’च राहील. पण पान 94 वर ‘दळिता’ आहे आणि परिशिष्टात त्याच ओवीत ‘दळता’. एका वेलांटीने ओळीची चाल बदलते आणि त्याच पानावर तुम्ही चालीबद्दलच लिहिलंय. आधी कुणीतरी ‘सुधारलं’ असावं अशी मला शंका आहे. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकून काय ते कळवा. अशा प्रत्येक ठिकाणी मी फक्त टिप्पणी टाकेन.

मुद्द्यांची मांडणी बदलणे, परिच्छेद नव्याने लिहिणे, उद्धृते मूळ पुस्तकांशी ताडून पाहणे हे यात धरलेलं नाही. पहिल्या दोन गोष्टी मी प्रबंधासाठी करतच नाही, ते काम तुमचं आणि तुमच्या मार्गदर्शकांचं आहे. उद्धृतांच्या मूळ पानांचे फोटो पाठवलेत तर प्रत्येकी 15 रुपयांत ताडून देईन. तुमच्याकडे लांबलचक उद्धृतं साठेक आहेत, निदान तेवढी तरी ताडून घ्यावीत असं मला मनापासून वाटतं.

मार्गदर्शकांना काम दाखवताना मुद्रितशोधन करून घेतल्याचं सांगून ठेवा, आणि विद्यापीठाची पानरचनेची नियमावली मला पाठवा. समास आणि ओळींमधलं अंतर त्याप्रमाणे तपासता येईल.

नमुन्याची दहा पानं दुरुस्त्यांसह सोबत जोडली आहेत, त्यांचे पैसे नाहीत. ती पाहून पद्धत पटली तर 8 जानेवारीपर्यंत होकार कळवा, तोवर 12 तारखेची जागा तुमच्यासाठी राखून ठेवते.

आपली,
मेधा
मुद्रितशोधक, पुणे