भाडेथकबाकीच्या नोटिशीस भाडेकरूचे उत्तर

रजिस्टर्ड ए.डी. पोस्टाने
दिनांक : 18 मार्च 2025

प्रति,
श्री. रमाकांत जोगळेकर यांचे वकील

विषय : आपली 3 मार्च 2025 ची नोटीस, तळमजल्यावरील खोली क्र. 3 व 4 (यापुढे ‘सदर जागा’)

महोदय,

आपल्या अशिलांच्या वतीने पाठवलेली वरील नोटीस मला 7 मार्च 2025 रोजी पोस्टाने मिळाली. ऑगस्ट 2024 ते फेब्रुवारी 2025 या सात महिन्यांचे भाडे मी एक रुपयाही दिलेले नाही, दरमहा रु. 8,500 प्रमाणे माझ्याकडे रु. 59,500 थकले आहेत आणि पंधरा दिवसांत जागा रिकामी करून द्यावी, असा नोटिशीचा एकूण आशय आहे. हा मजकूर मला मान्य नाही. या सातपैकी सहा महिन्यांच्या भाड्याचा पूर्ण हिशेब मिटलेला आहे. सातव्या महिन्याचे भाडे मी दोन वेळा देऊ केले आणि दोन्ही वेळा आपल्या अशिलांनीच ते परत केले. ही गोष्ट नोटिशीत कुठेही आलेली नाही. तुमच्यापर्यंत ती पोचवली गेली नसावी असे मी गृहीत धरते.

आधी पार्श्वभूमी. सदर जागेत मी 1 जून 2012 पासून भाड्याने राहते. नोंदणीकृत भाडेकरार आपल्या अशिलांचे वडील कै. गजानन जोगळेकर यांच्याशी झाला होता. भाडे दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत द्यायचे असे त्यात ठरले आहे. एप्रिल 2023 पासून दोघांच्या संमतीने भाडे दरमहा रु. 7,500 झाले. अनामत म्हणून दिलेले रु. 30,000 आजही मालकांकडेच आहेत. ती रक्कम भाड्यात वळती करा असे माझे म्हणणे नाही, पण नोटिशीतल्या हिशेबात तिचा साधा उल्लेखही नाही, म्हणून लिहिले. गजाननराव 22 ऑगस्ट 2024 रोजी वारले. आज थकबाकी म्हणून जे दाखवले जात आहे, त्यातला बराचसा घोळ त्यानंतरच्या दोन महिन्यांत कोणत्या खात्यात पैसे घालायचे हे न ठरल्यामुळे झाला आहे.

आता महिनावार हिशेब. माझ्या बँकेचा शिक्का असलेला खातेउतारा सोबत आहे आणि खालील प्रत्येक नोंद त्यात व्यवहार क्रमांकासह दिसते.

ऑगस्ट 2024 : रु. 7,500, दि. 5 ऑगस्ट रोजी गजाननराव व त्यांच्या पत्नी यांच्या संयुक्त खात्यात एनईएफटीने जमा.
सप्टेंबर 2024 : रु. 7,500, दि. 4 सप्टेंबर रोजी त्याच खात्यात जमा.
ऑक्टोबर 2024 : रु. 7,500, दि. 5 ऑक्टोबर रोजी त्याच खात्यात पाठवले. खाते बंद झाल्याने 7 ऑक्टोबर रोजी परत आले. दि. 9 ऑक्टोबर रोजी आपल्या अशिलांच्या स्वतःच्या खात्यात यूपीआयने पुन्हा पाठवले व जमा झाले.
नोव्हेंबर 2024 : रु. 7,500, दि. 6 नोव्हेंबर रोजी यूपीआयने जमा.
डिसेंबर 2024 : रु. 3,200, दि. 5 डिसेंबर रोजी यूपीआयने जमा. उरलेले रु. 4,300 दुरुस्तीखर्चापोटी वजा. खुलासा पुढे केला आहे.
जानेवारी 2025 : रु. 7,500, दि. 6 जानेवारी रोजी यूपीआयने जमा.
फेब्रुवारी 2025 : रु. 7,500, दि. 5 फेब्रुवारी रोजी यूपीआयने पाठवले. त्याच संध्याकाळी परत आले.

सात महिन्यांचे भाडे होते रु. 52,500. त्यातले रु. 40,700 प्रत्यक्ष जमा आहेत, रु. 4,300 दुरुस्तीचे आहेत आणि राहिलेले रु. 7,500 म्हणजे परत केलेले फेब्रुवारीचे भाडे.

ऑगस्टच्या भाड्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण थकबाकीची सुरुवात याच महिन्यापासून दाखवली आहे. गजाननराव भाडे बँकेत जमा झाले तरी माझ्याकडच्या भाडेवहीत स्वतः नोंद करून सही करत. ऑगस्टच्या ओळीत तारीख, रक्कम आणि हिरव्या शाईतली त्यांची सही आहे. सही नेहमीपेक्षा कापरी आहे, पण तिच्याखाली ‘पावले’ असे त्यांच्याच हातचे स्पष्ट लिहिलेले आहे. ही वही आपल्या अशिलांनी 15 सप्टेंबर रोजी ‘जरा पाहून देतो’ म्हणून माझ्याकडून नेली आणि दोनदा लेखी मागूनही परत दिलेली नाही. वही देण्यापूर्वी मी शेवटच्या चार पानांचे फोटो काढून ठेवले होते. त्यांच्या प्रती सोबत आहेत. मूळ वही आपल्या अशिलांनी जपून ठेवावी. गरज पडल्यास ती न्यायालयात हजर करण्याची मागणी मी करीन.

ऑक्टोबरमध्ये पैसे परत आल्याबरोबर मी आपल्या अशिलांना व्हॉट्सॲपवर विचारले. ‘यापुढे माझ्या नंबरवर पाठवत जा’ असे उत्तर त्यांनी 9 ऑक्टोबर रोजी दिले आणि त्याच दिवशी मी पैसे पाठवले. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी असे चार महिने त्यांनी भाडे स्वतःच्या खात्यात घेतले आहे. ज्यांनी हे पैसे स्वीकारले, तेच या चार महिन्यांसाठी मला थकबाकीदार कसे ठरवतात, याचा खुलासा व्हावा.

डिसेंबरच्या वजावटीबद्दल. स्वयंपाकघरातल्या भिंतीमागचा पाण्याचा पाइप फुटून ओल थेट विजेच्या बोर्डापर्यंत आली होती. बोर्डाच्या खालच्या कडेला बोट लावले तर ओले लागत असे. 4 नोव्हेंबर रोजी मी रजिस्टर्ड पत्राने दुरुस्तीची मागणी केली. आपल्या अशिलांना ते 6 नोव्हेंबरला मिळाल्याची पोच माझ्याकडे आहे. उत्तर आले नाही. पंधरा दिवस उलटल्यावर 23 नोव्हेंबरला मी प्लंबरकडून काम करून घेतले. बिल रु. 4,300 झाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोटीस देऊनही पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून ही वजावट जास्त होता कामा नये, एवढी मर्यादा आहे. माझे वार्षिक भाडे रु. 90,000, म्हणजे मर्यादा रु. 22,500. बिलाची प्रत मी 5 डिसेंबरलाच त्यांना पाठवली होती. तेव्हा हरकत घेतली गेली नाही.

फेब्रुवारीचे भाडे परत करताना आपल्या अशिलांनी ‘भाडे नको, जागा सोडा’ असा संदेश पाठवला. तरीही मी 7 फेब्रुवारी रोजी त्यांच्या नावाचा रु. 7,500 चा धनादेश रजिस्टर्ड ए.डी.ने पाठवला. ते पाकीट ‘घेण्यास नकार’ या पोस्टाच्या शेऱ्यासह 17 फेब्रुवारीला माझ्याकडे परत आले. ते मी फोडलेले नाही, धनादेश आतच आहे. मार्चचे भाडे 5 मार्चला पाठवले, तेही तसेच परत आले. आधी भाडे नाकारायचे आणि नंतर ते दिले नाही म्हणून जागा मागायची, याला भाडेकरूची कसूर म्हणता येत नाही. भाडेकरू भाडे देत असेल किंवा देण्यास तयार व राजी असेल, तोपर्यंत मालकाला ताबा मागता येत नाही, असे याच अधिनियमाच्या कलम 15 मध्ये स्पष्ट म्हटले आहे.

दरमहा रु. 8,500 हा आकडा कुठून आला हे मला समजलेले नाही. ऑगस्ट 2024 पासून भाडे वाढल्याचे मला कोणी कळवले नाही, तोंडीसुद्धा नाही. जानेवारीपर्यंत आपल्या अशिलांनी रु. 7,500 विनातक्रार घेतले. कलम 11 प्रमाणे मालकाला वर्षाला 4 टक्के वाढ करता येते. रु. 7,500 वर ती रु. 300 होते, रु. 1,000 नव्हे. कायद्यात बसणारी वाढ त्यांना हवी असेल तर त्यांनी लेखी मागावी, मी तिचा विचार करीन. मागच्या तारखेपासून लावलेली वाढ मात्र मला मान्य नाही आणि तिच्यावर उभी केलेली थकबाकीही मान्य नाही.

पंधरा दिवसांच्या मुदतीविषयी. भाडे न दिल्याच्या कारणावरून ताब्याचा दावा लावायचा, तर कलम 15(2) प्रमाणे आधी मागणीची लेखी नोटीस बजावून नव्वद दिवस जावे लागतात. नोटीस 7 मार्चला मिळाली, म्हणजे ही मुदत 5 जून 2025 पर्यंत आहे. थकबाकी मुळातच नसल्याने त्यानंतरही दाव्याला कारण उरत नाही, पण निदान मुदत तरी बरोबर लिहायला हवी होती.

‘जागेत परकी माणसे ठेवली’ असे एक वाक्य नोटिशीच्या शेवटी आहे. माझा भाचा परीक्षेसाठी महिनाभर माझ्याकडे राहिला होता. त्यापलीकडे त्यात काही नाही, आरोप नाकारते.

तंटा वाढवण्याची माझी इच्छा नाही. म्हणून फेब्रुवारी व मार्च 2025 च्या भाड्यापोटी रु. 15,000 चा, श्री. रमाकांत जोगळेकर यांच्या नावे काढलेला 17 मार्च 2025 चा डिमांड ड्राफ्ट या पत्रासोबत पाठवत आहे. माझ्या कोणत्याही हक्काला बाध न येता तो देत आहे. तो स्वीकारून लेखी पावती द्यावी. घेतलेल्या प्रत्येक रकमेची पावती देणे कलम 31 प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे आणि ऑक्टोबरपासूनची एकही पावती मला मिळालेली नाही. ड्राफ्ट परत आला तर पुढील भाडे न्यायालयात भरण्यासह उपलब्ध ते उपाय मी करीन.

आणखी एक. गजाननरावांच्या पश्चात त्यांच्या पत्नी व मुलगी याही वारस आहेत असे मला माहीत आहे. आपल्या अशिलांच्या मालकीविषयी मी वाद काढत नाही, पण भाडे कोणी घ्यायचे याबद्दल सर्व वारसांच्या सह्यांचे एक पत्र व एक खाते क्रमांक मला द्यावा. उद्या हेच भाडे दुसऱ्या वारसाने पुन्हा मागू नये, एवढाच हेतू आहे.

दरम्यान ‘पाणी तोडतो’ असे आपल्या अशिलांनी 1 मार्च रोजी जिन्यात दोन शेजाऱ्यांसमोर सांगितले आहे. पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सोयी बंद करण्यास कलम 29 ने मनाई आहे, हे त्यांना आपणच समजावून सांगावे.

तरी 3 मार्च 2025 ची नोटीस बिनशर्त मागे घेत असल्याचे हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी कळवावे आणि भाडेवही परत करावी. तसे न करता दावा लावल्यास मी तो लढवीन, आणि त्याचा खर्च व परिणाम यांची जबाबदारी आपल्या अशिलांवर राहील.

सोबत : डिमांड ड्राफ्ट, खातेउतारा, भाडेवहीच्या पानांचे फोटो, व्हॉट्सॲप संदेशांच्या प्रती, 4 नोव्हेंबरचे पत्र व त्याची पोच, प्लंबरचे बिल, ‘घेण्यास नकार’ शेऱ्याच्या पाकिटाची छायाप्रत.

आपली,
सुरेखा मधुकर पवार
भाडेकरू, खोली क्र. 3 व 4

प्रत : श्री. रमाकांत जोगळेकर यांना माहितीसाठी