चकली तेलात बिघडत नाही, परातीत बिघडते: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

रीलमधला तो कट्‌कन आवाज आवडला ना? आता प्रमाण घ्या. कॅप्शन लांबलचक आहे, सेव्ह करा आणि चकलीच्या दिवशी फोन ओट्यापासून जरा लांब ठेवून वाचा, कारण हात पिठाचे असणार.

आधी एक वाटी ठरवा. आमटीची मध्यम वाटी चालेल. तांदूळ, डाळ, पीठ, पाणी, तेल सगळं तिनेच मोजायचं. भाजणी एका वाटीने आणि पाणी दुसऱ्याच पेल्याने मोजलं, तर खालचं एकही प्रमाण लागू पडणार नाही.

भाजणी (साधारण किलोभर होते):
तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन वाट्या, उडीद डाळ एक वाटी, मूग डाळ अर्धी वाटी, जाडे पोहे अर्धी वाटी, धने पाव वाटी, जिरे दोन मोठे चमचे.

तांदूळ जुना आणि साधा घ्या. बासमती नको, चिकट जातीचा तर नकोच. धुऊन, निथळून, सुती कापडावर सावलीत रात्रभर पसरा. डाळी धुणार असाल तर त्याही अशाच वाळवा. ओल राहिली की भाजणीला वास येतो.

भाजताना प्रत्येक जिन्नस वेगळा, जाड बुडाच्या कढईत, मध्यमपेक्षा थोड्या मंद आचेवर. तांदळाचा रंग बदलायचा नाही. दाणा हलका झाला आणि दाताखाली कट्‌कन तुटला की बस. हरभरा डाळ खमंग वास येईपर्यंत, उडीद आणि मूग जेमतेम गुलाबी होईपर्यंत. पोहे चुरगळले की झाले. धने-जिरे सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून तापल्या कढईत. इथे फार खरपूस भाजायचा मोह आवरा. जास्त भाजलेल्या भाजणीचा चिकटपणा जातो, मग चकली सोऱ्यातून तुकड्यातुकड्यांनी पडते आणि तळल्यावर काळपट दिसते. कच्ची राहिली तर चव पिठूळ लागते आणि चकली लवकर खवट होते.

पूर्ण गार झाल्यावरच दळायला द्या. गिरणीत गव्हावर दळू नका म्हणून आवर्जून सांगा. तांदळावर किंवा हरभरा डाळीवर दळलेली चालते. दळण बारीक हवं, थालीपिठाच्या भाजणीसारखं रवाळ नको. परदेशात असाल, गिरणी नसेल, तर मिक्सरमध्ये थोडं थोडं फिरवा आणि बारीक चाळणीने चाळा. चाळायचा कंटाळा केलात तर धन्याचं एक टरफल चकतीच्या भोकात अडकतं आणि पुढच्या सगळ्या चकल्या एका बाजूने फाटक्या येतात.

पहिल्याच वर्षी एवढा व्याप नको वाटत असेल, तर खात्रीच्या ठिकाणची तयार भाजणी आणा. त्यात काही कमीपणा नाही. फक्त पाकिटावर मीठ-मसाला आधीच घातलाय का ते वाचा, नाहीतर दुप्पट खारट चकली खावी लागेल.

आता पीठ. ही खरी परीक्षा.

चाळलेली भाजणी चार वाट्या (मध्यम आकाराच्या तीसेक चकल्या होतात), पाणी अडीच वाट्या, तेल पाव वाटी, लाल तिखट चार छोटे चमचे, मीठ अडीच ते तीन छोटे चमचे, पांढरे तीळ दोन मोठे चमचे, हातावर चुरडलेला ओवा एक छोटा चमचा, हळद आणि हिंग अर्धा-अर्धा छोटा चमचा. शिवाय अर्धी ते पाऊण वाटी कोमट पाणी बाजूला ठेवा, ते मळताना लागेल.

भाजणी सोडून सगळं पातेल्यात घालून पाण्याला खळखळून उकळी आणा. पाणी चाखा: आमटीपेक्षा अंमळ खारट-तिखट लागलं पाहिजे, कारण भाजणी पडली की चव निम्म्यावर येते. गॅस बंद करा, भाजणी एकदम घाला, उलथण्याच्या दांड्याने ढवळा आणि घट्ट झाकण ठेवून वीस मिनिटं विसरून जा. मधे उघडून बघायचं नाही, त्या वाफेवरच भाजणी फुलते.

मोहनाबद्दल सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून इथे थांबा. तेल एकतर पाण्यात उकळायचं, नाहीतर कडकडीत तापवून कोरड्या भाजणीत चोळायचं. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण त्यातली एकच. अनेकजण एका रेसिपीतून पाण्यातलं तेल घेतात, दुसरीतून कडकडीत मोहन, आणि मग चकली तेलात पडताक्षणी विरघळते. तेलाऐवजी लोणी घ्यायचं असेल तर तेवढंच, पाव वाटी. तेल आणि वर लोणी, असं नाही.

उकड परातीत घ्या, पण सगळी एकदम नको. एका सोऱ्यात मावेल एवढाच गोळा घ्यायचा, बाकीची झाकलेली राहू दे. कोमट पाण्याचा हात लावत पाच मिनिटं दाबून मळा. झालं की नाही हे कसं ओळखायचं? लिंबाएवढा गोळा तळहातावर ठेवा आणि अंगठ्याने दाबा. कडा तडकल्या तर पाणी कमी, अजून एक चमचा घालून मळा. अंगठ्याला चिकटलं तर सैल झालंय, चमचाभर कोरडी भाजणी लावा. कड गुळगुळीत राहिली आणि अंगठ्याचा ठसा तसाच उमटून राहिला तर पीठ तयार. रीलमध्ये हाच भाग आम्ही मुद्दाम दोनदा दाखवलाय, पुन्हा बघा.

सोऱ्याला आतून तेलाचं बोट फिरवा. चांदणीच्या भोकाची चकती, तिची काटेरी बाजू बाहेर. पीठ लांबट वळून ठासून भरा. मधे हवा राहिली की सर फट्‌ आवाज करून तुटते. कागदाच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या छोट्या चौकोनांवर मधून बाहेर तीन वेढे घाला. वेढे एकमेकांना टेकलेले हवेत, चढलेले नकोत. शेवटचं टोक बोटाने दाबून चिकटवा, ते मोकळं राहिलं तर चकली तेलात उलगडते. एका वेळी पाच-सहाच पाडा. सगळ्या पाडून मग तळायला बसलात तर पंखा नसला तरी वरून सुकतात आणि उचलताना मोडतात.

तेल तापलंय का हे बघायला पिठाचा मण्याएवढा तुकडा टाका. तळाला जाऊन बुडबुड्यांसकट दोन-तीन सेकंदांत वर आला तर बरोबर. लगेच उसळून लाल झाला तर तेल जास्त तापलंय, तळालाच बसून राहिला तर गार आहे. थर्मामीटर असेल तर 170 ते 180 अंश सेल्सिअस. चकली कागदासकट तळहातावर उलटी घ्या, कागद सोडवा आणि कढईच्या कडेने अलगद सोडा, वरून टाकू नका. एका वेळी चार. पहिलं दीड मिनिट झारा लावायचा नाही, तेव्हा चकली मऊ असते आणि नक्की तुटते. मग उलटा, आच मध्यमपेक्षा थोडी कमी करा आणि बुडबुड्यांकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला तेल फसफसतं, मग बुडबुडे विरळ होत जातात. जवळपास थांबले की आतलं पाणी गेलं, चकली काढा. यात सहा ते आठ मिनिटं जातात. रंगावर जाऊ नका: मोठ्या आचेवर तो तीन मिनिटांतही येतो, पण आत कच्च्या पिठाची दोरी राहते आणि अशी चकली संध्याकाळपर्यंत मऊ पडते. बाहेर काढल्यावर रंग आणखी एक छटा गडद होतो, तेही धरून चला.

आणि हे कृपया करा: पहिली चकली एकटी तळा. दहा मिनिटं गार होऊ द्या, मगच मोडून बघा. गरम चकली नेहमीच जरा मऊ लागते, तिच्यावरून काही ठरवायचं नाही. आतून पोकळ नळी दिसली तर जिंकलात. नाहीतर उरलेलं पीठ अजून हातात आहे:

दगडासारखी कडक झाली → मोहन कमी पडलं. उरलेल्या पिठात एक मोठा चमचा कडकडीत तेल घाला, जरा निवलं की मळा.

तेलात विरघळली, वेढे सुटले → मोहन जास्त. दोन-तीन मोठे चमचे कोरडी भाजणी गरम पाण्यात भिजवून त्या पिठात मिसळा.

तेल प्यायली, कागदावर डाग पडतोय → पीठ सैल किंवा तेल गार. प्रत्येक घाण्यानंतर तेल पुन्हा तापू द्या.

काटे नाहीत, नुसती गुळगुळीत दोरी → पीठ सैल, किंवा चकतीची भोकं बुजलीत. टाचणीने साफ करा.

पाडतानाच तुटते → पीठ कोरडं किंवा कमी मळलेलं. पाण्याचा हात लावून अजून तीन मिनिटं मळा. एवढ्यानेही तुटली तर भाजणी जास्त भाजली गेलीय. चमचा-दोन चमचे तांदळाचं पीठ गरम पाण्यात कालवून मिसळलं तर बरंच सावरतं.

तळलेल्या चकल्या चाळणीत उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. खालची वाफ वरच्या चकलीत शिरते. पूर्ण गार व्हायला दोन-अडीच तास द्या, मगच घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. कोमट असताना भरलेल्या डब्याच्या झाकणाला आतून दव धरतं, आणि दुसऱ्या दिवशी आपण बिचाऱ्या भाजणीला दोष देतो. मऊ पडल्याच तर 150 अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवा. पुन्हा तळल्या तरी कुरकुरीत होतात, पण तेल जास्त धरतात.

भाजणीला अजिबातच वेळ नाही? मग तांदळाचं पीठ दोन वाट्या, डाळव्यांचं बारीक पीठ अर्धी वाटी, लोणी दोन मोठे चमचे, तीळ-तिखट-मीठ चवीने, आणि मावेल तसं गरम पाणी घालून थेट मळा. उकड काढायची गरज नाही. रंग फिकट, चव हलकी. भाजणीचा खमंगपणा यात येणार नाही, पण चहाबरोबर झकास.

तुमची पहिली चकली मोडून तिचा आतला फोटो आम्हाला टॅग करा. बाहेरचा नको, पोकळी दिसू दे. आणि बिघडली असेल तर मोहन किती घातलंत तेवढं कमेंटमध्ये लिहा, म्हणजे नेमकं कुठे चुकलं ते सांगता येईल.

#चकली #भाजणीचीचकली #दिवाळीफराळ #पहिल्यांदाफराळ #कुरकुरीतचकली #मराठीरेसिपी