प्रश्न ३. मुद्रणकलेमुळे साक्षरतेचा प्रसार झाला आणि लोकमत घडले. मुंबईच्या संदर्भात चर्चा करा.

उत्तर : १४५० च्या सुमारास माइंट्स शहरात गुटेनबर्गने सुट्या धातूच्या खिळ्यांनी छपाई सुरू केली. ग्रंथ स्वस्त झाले आणि १५१७ नंतर ल्यूथरची पत्रके जर्मनीभर पोहोचली. भारतात छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला, पण तो धर्मप्रसारासाठी. समाजाने तो आपलासा केला एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात मुंबई आघाडीवर होती.

सुरुवात सोपी नव्हती. शाईत चरबी असते म्हणून सोवळेकरी मंडळी छापील कागदाला शिवत नसत. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातले काम पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचे शिळायंत्र उभारले आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. धर्मग्रंथांसाठी तर त्यांनी चरबीऐवजी तूप घातलेली शाई वापरली. घरोघरी लागणारी वस्तूच छापून निघाली, तेव्हा छापील अक्षराची भीड चेपली. साक्षरतेच्या इतिहासात या पंचांगाचे स्थान शाळेच्या क्रमिक पुस्तकाइतकेच मोठे आहे, असे मला वाटते.

वृत्तपत्रांत १८२२ मध्ये फर्दुनजी मर्झबान यांचे गुजराती ‘मुंबई समाचार’ निघाले. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. त्यात एका स्तंभात मराठी व शेजारी इंग्रजी मजकूर असे, म्हणजे रयत आणि राज्यकर्ते दोघेही वाचक. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे आली आणि जातिभेद, स्त्रियांची स्थिती हे घरातले विषय चारचौघांत आले. १८६२ च्या महाराज बदनामी खटल्यात करसनदास मुळजींच्या लेखनामुळे धर्मगुरूंचे वर्तन थेट न्यायालयात तपासले गेले.

मात्र छापखाना आला की साक्षरता आली आणि मग लोकमत घडले, असा सरळ क्रम मांडणे चूक ठरेल. बहुसंख्य लोक निरक्षरच होते. एक जण वर्तमानपत्र मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. जुलै १९०८ मध्ये ‘केसरी’तील लेखांबद्दल टिळकांना मुंबईत सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्यातल्या कितीतरी जणांना अग्रलेख वाचता येत नव्हता, पण त्यातला मुद्दा त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. मुंबईत लोकमत साक्षरतेच्या पुढे धावले. सरकारलाही ही ताकद कळत होती, म्हणून तर १८७८ चा देशी वृत्तपत्र कायदा फक्त देशी भाषांतील पत्रांवर लादला गेला.

यंत्र मात्र सर्वांच्या हाती नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘दीनबंधु’तून कामगार व बहुजनांची बाजू लावून धरली. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबईत ‘मूकनायक’ काढले. ‘दर्पण’नंतर ८८ वर्षे उलटली तरी अस्पृश्यांचे प्रश्न मांडायला त्यांना वेगळे पत्र काढावे लागले. तोवर ज्याला लोकमत म्हटले जाई, त्यात या समाजाचे मत धरलेलेच नव्हते.