घुगऱ्या

कुडाळ स्थानकावर कोकणकन्येतून उतरले तेव्हा सकाळ बरीच वर आली होती, पाऊस नुकताच थांबला होता आणि फलाटावर माझ्यासारखीच पिशव्यांनी वाकलेली शेकडो माणसे आपापल्या रिक्षावाल्याला हाका मारत होती. ३१ ऑगस्ट २०२५, रविवार, गौरी आवाहनाचा दिवस. चाकरमानी चतुर्थीच्या आधीच पोहोचलेले असतात, पण ठाण्याच्या ज्या लॅबमध्ये मी काम करते तिथून मला गौरीपुरतीच रजा मिळाली होती. आणि खरे सांगायचे तर पाच दिवस आधी यायचे धैर्य माझ्यात नव्हते.

सहा वर्षांनी मी घरी चालले होते. गेले तेव्हा मी या घरचा मुलगा होते, निदान रेशनकार्डावर तरी. तेव्हाचे नाव मी इथे लिहीत नाही. ते वाईट नव्हते, माझे नव्हते एवढेच. आता माझ्या पर्समध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचे ओळखपत्र होते, राजपत्रात छापून आलेल्या नावाची प्रत होती आणि नव्या नावाचे आधारकार्ड होते. ही सगळी कागदपत्रे मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली होती, जणू आमच्या दारात तिकीट तपासनीस बसलेला असणार होता.

बोलावले होते आजीने. जून महिन्यात एका रात्री चुलतबहीण प्राचीच्या फोनवरून तिचा आवाज आला. तिने प्रकृती विचारली नाही, एवढी वर्षे का आली नाहीस हेही विचारले नाही. फक्त म्हणाली, "गवरीक येतलंस मां गो?"

आमच्या मालवणीत बाईमाणसाला 'गो' म्हणतात आणि पुरुषाला 'रे'. क्रियापदही बदलते, मुलगा असेल तर 'येतलस' आणि मुलगी असेल तर 'येतलंस', मध्ये नाकातला एक अनुस्वार. प्रमाण मराठीत 'तू येशील ना' असे विचारून निसटता येते, मालवणीत ती सोय नाही. बोलणाऱ्याला ठरवावेच लागते. तेवीस वर्षे मला 'रे' म्हणणाऱ्या बाईने ते कधी आणि कसे ठरवले, हे मला आजही माहीत नाही. मी फोनवर नुसते "हो" म्हटले आणि दुसऱ्या दिवशीपासून तिकिटाच्या मागे लागले. गणपतीतली गाडी आरक्षण खुले झाल्यावर काही मिनिटांत भरते, त्यामुळे माझे अर्धे दडपण त्या काळात तरी रेल्वेने स्वतःकडे घेतले होते.

रिक्षा वाडीच्या वळणावर थांबली. खळ्यात बाबा केळीची पाने पुसत बसले होते. त्यांनी मान वर केली, माझ्या साडीकडे नव्हे तर पिशवीकडे पाहिले आणि म्हणाले, "गाडी येळार होती?"

"अर्धा तास उशिरा," मी म्हटले.

"पावसाचा असाच," ते म्हणाले आणि पुन्हा पानाकडे वळले. सहा वर्षांपूर्वी याच खळ्यात त्यांनी मला, या वेशात पुन्हा येऊ नकोस, असे सांगितले होते. त्या वाक्यापासून या वाक्यापर्यंतचा प्रवास त्यांनी कसा केला, तेही मी विचारले नाही. विचारले असते तर ते उठून गोठ्याकडे गेले असते.

उंबऱ्यात पाऊल टाकणार एवढ्यात आतून आवाज आला, "थांब थय!"

मी थांबले. पोटात गोळा आला. आजी एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा घेऊन आली. ती इतकी वाकली होती की तांब्या जवळजवळ जमिनीला लागत होता. तिने माझ्या पायांवर पाणी ओतले, भाकरीचा तुकडा तीनदा माझ्यावरून ओवाळला, अंगणात लांब फेकला आणि कपाळाला हात लावायला मला खाली वाकायला लावले.

"लांबसून इलंस," ती म्हणाली. "आता ये."

एवढेच. ती रडली नाही आणि त्यामुळे मलाही रडता आले नाही. तिने माझी पिशवी उघडून आत काय आहे ते पाहिले, पेढ्यांचा खोका बाहेर काढला आणि "हे कशाक हाडलंस, हय गोडाचो पूर इलो आसा" असे म्हणून देवाच्या खोलीत नेऊन ठेवला. गणपतीवर माटवी टांगलेली होती. सुपाऱ्यांचे शिपटे, नारळ, तवशी, आंब्याचे टाळ आणि लालभडक कवंडळे. पाच दिवसांत टाळ सुकले होते, पण कवंडळांचा रंग तसाच होता. स्वयंपाकघरात एका मोठ्या पातेल्यात हरभरे भिजत घातलेले दिसले. रात्रीच्या भजनाला उसळ लागते, तिचीच ती तयारी असेल असे मला वाटले.

चहा पिताना आजीने विचारले, "नाव काय तुझा आता?"

"रेवती."

"बरा आसा. कोणी ठेवला?"

"मीच ठेवलं."

तिने कप खाली ठेवला. एवढा वेळ तिला कशाचेच आश्चर्य वाटले नव्हते. ना साडीचे, ना केसांचे, ना आवाजाचे. या गोष्टीचे मात्र वाटले. "आपणच आपला नाव खंय ठेवतत? नाव आत्येन ठेवूक होया."

माझी आत्या म्हणजे सुमन आत्या. ती अंगणवाडी सेविका होती; गावातल्या प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख आणि वजन तिने आपल्या हाताने नोंदवहीत लिहिलेले होते, माझेही. एकोणतीस वर्षांपूर्वी माझ्या कानात नाव सांगणारी तीच. आणि तिच्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात मला फोन करून "सासरची माणसां येतली, तू येव नको" असे सांगणारीही तीच. ती त्या दिवशी दुपारी गौरीसाठी माहेरी यायची होती. मी आजीला म्हटले की हे राहू दे, नाव कागदावर झाले आहे, राजपत्रात छापले आहे. आजीने राजपत्राची प्रत हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली. "हेच्यात आत्येचा नाव खंय आसा?"

आत्या आली. तिने मला पाहिले, ओठ आवळले आणि बाबांशी रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोलू लागली.

संध्याकाळी विहिरीवरून गौर आणायची होती. तेरड्याची फुललेली रोपे आणि हळदीची पाने एकत्र बांधून ठेवली होती. तिथे मनातल्या मनात मी एक मूर्खपणा केला, तो सांगून टाकते. मला वाटले, आजी गौर माझ्याच हाती देईल. वाडीतल्या बाया बघत राहतील आणि मी माहेरवाशीण होऊन गौरीबरोबर घरात येईन. गाडीत रात्रभर मी तेच चित्र रंगवत होते. आजी म्हणाली, "गवर प्राची हाडतली, तेचा ठरलेला आसा. तू घंटा वाजव."

मी घंटा वाजवली. प्राची कुंकवाच्या पावलांवरून गौर घेऊन आली, आजीने तिच्याही पायांवर पाणी ओतले, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. तोच तांब्या होता. माझ्याशिवाय ते कुणाच्या लक्षात आले असेल असे वाटत नाही.

आरती झाली, भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवून झाला आणि सगळे उठू लागले, तेव्हा आजीने पाट मांडला. "रेवती, हय बस. सुमन, तू तिच्याकडेन ये."

आत्याला लगेच उमगले. "आये, खुळी झालंस काय? बारसा बाराव्या दिवसा करतत."

"उशीर झालो, म्हायत आसा माका."

"आणि ह्या वयार?"

"तूच ठेवललंस ना पयला नाव? ता चुकला. मगे आता दुसरा कोण ठेवतलो, मामलेदार?"

प्राची तोंडावर पदर धरून हसली. बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, त्यांनी समईकडे पाहत वात पुढे सारली, जी आधीच पुढे होती. मी पाटावर बसले होते आणि माझे तळवे घामाने ओले झाले होते. कारण त्या क्षणी सगळा अधिकार आत्याच्या हातात होता. कानात काय सांगायचे ते तीच सांगणार होती. तिने जुनेच नाव पुन्हा सांगितले असते तर कुणाला ऐकूही गेले नसते, आणि मला मात्र ते जन्मभर ऐकू येत राहिले असते.

आत्या गुडघ्यावर हात ठेवून खाली बसली. तिच्या अंगाला मोगऱ्याचा आणि प्रवासाचा वास येत होता. तिने तोंड माझ्या कानाशी आणले आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. नुसता श्वास लागत होता. मग तान्ह्या मुलाच्या कानात करतात तसे "कुर्रर्र" केले. गुदगुल्या झाल्या आणि मी दचकून मान आकसली.

"हालू नको," ती पुटपुटली. आणि मग, "रेवती."

मी श्वास सोडला. ती अजून कानाशीच होती. "रेशनकार्डार बदललंस काय?"

"नाही अजून."

"खूप खेपो मारूक लागतत. उद्या माझ्याकडे कागद दी, मी बघतंय." नंतर थोडे थांबून, त्याहून हळू आवाजात ती म्हणाली, "लग्नाक तुका बोलावक होया होता." उत्तराची वाट न पाहता ती उठली आणि गुडघा दुखत असल्याबद्दल मोठ्याने तक्रार करू लागली.

"काय ठेवलंस?" आजीने विचारले, जणू तिला माहीतच नव्हते.

"रेवती."

"बरा आसा," आजी सकाळसारखेच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

ते हरभरे उसळीचे नव्हते. आदल्या रात्री, मी गाडीतही बसले नसेन तेव्हा, तिने बारशाच्या घुगऱ्यांसाठी ते भिजत घातले होते. आता मीठ घालून शिजवलेले, खोबरे पेरलेले हरभरे तिने वाडग्यात भरले आणि वाडगा माझ्या हातात दिला. "शेजारी दिऊन ये. पयली तुझ्या काकीकडे जा."

"मी?"

"मगे काय बारशाक झोपून रवतलंस?"

अंधार पडला होता. ओल्या पाणंदीतून मी वाडगा पदराखाली धरून गेले. बांधापलीकडच्या काकीने दार उघडले, ओटीवरच्या उजेडात मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि माझा चेहरा ओळखीच्या चेहऱ्यांत शोधत राहिली. तो सापडला तेव्हा तिच्या भुवया वर गेल्या.

"ह्यो कसल्यो?" तिने वाडग्याकडे बोट दाखवले.

"बारशाच्या घुगऱ्या."

"कोणाचा बारसा?"

"माझा."

काकी काही वेळ गप्प राहिली. आत कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. मग तिने फळीवरून एक पातेली काढली, पदराने पुसली आणि माझ्यापुढे धरली. मी दोन मुठी घातल्या आणि थांबले.

"आणि वायच घाल गो," ती म्हणाली, "घरात पाच जणां आसत."