अध्यक्षीय समारोप : मराठी भाषा गौरव दिन, लालबाग

नमस्कार मंडळी.

नऊ वाजून सदतीस मिनिटं झालीत. निवेदक ताईंनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली आहे, 'दहा मिनिटं, मग पसायदान'. खाली लाल पेनाने दोन रेघा मारल्यात. मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे लाल पेनाचा अर्थ मला कोणी समजावून सांगायला नको.

दहाला स्पीकर बंद करायचा हा नियम आहेच. पण समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जी खिडकी उजळलेली दिसते, तिथे दहावीची परीक्षा चालू आहे. आपल्या मुलांनी दुपारीच त्या बाजूचा स्पीकर फिरवून नाक्याकडे तोंड करून लावला, आणि मुलीच्या आईला जाऊन विचारलं, "काकू, अभ्यासाला त्रास होतोय का?" मराठी भाषा गौरव दिनी भाषेचा असाही वापर झाला, म्हणून आधी हे सांगितलं.

आपल्याकडच्या प्रत्येक कलेला कुठे थांबायचं ते ठरलेलं असतं. भजनात भैरवी लागली की टाळ पिशवीत जायची वेळ झाली. कीर्तनकार 'हेचि दान'वर आला की लोक आरतीला उठतात. शाहीर शेवटच्या चौकात आपलं नाव गुंफतो आणि डफ खाली ठेवतो. दशावतारवाले पहाटेपर्यंत जागवतात, पण त्यांचाही दहीकाला असतो. अशी काही खूण नसलेला एकच प्रकार उरतो, तो म्हणजे अध्यक्षांचं भाषण. तेव्हा माझी खूण ही चिठ्ठी.

आजच्या कार्यक्रमात मला सगळ्यात जास्त काय भावलं, ते आधी सांगते. जातं. तिसऱ्या मजल्यावरून ते जातं चौघांनी जिन्यावरून कसं उतरवलं, ते मी संध्याकाळी पाहत होते. जोशात कोणीतरी म्हणालंही, "थर्माकोलचं करू या, दिसायला तेच." मंडळातल्या बायकांनी ऐकलं नाही. खरं जातं आणलं, आणि नुसतं फिरवलं नाही, मूठमूठ ज्वारी टाकली. म्हणून ती घरघर खरी उमटली आणि गळा त्या घरघरीच्या वर चढवावा लागला. ओवीचा सूर असाच घडलेला आहे. पहाटे अंधारात, घर झोपलेलं असताना, हाताला काम आणि तोंडाला ओवी. माहेर, भाऊ, विठोबा, सासूची बोलणी, सगळं त्यात यायचं. ऐकायला समोर कोणी बसलेलं नसायचं. पिठाची चक्की आली, हात सुटले, आणि ओवी म्हणायची वेळच दिवसातून गेली. हात सुटले ते बरंच झालं, दळणाचे कष्ट मी गोड करून सांगणार नाही. पण पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावी फिरून या ओव्या गोळा करायला घेतल्या, तेव्हा त्या लाखाच्या वर भरल्या. ज्यांना कोणी कधी कवी म्हटलं नाही अशा बायकांच्या.

आणि म्हणून, तिसऱ्या ओवीला पहिल्या रांगेतल्या आजींनी खुर्चीत बसल्या बसल्या सूर लावला ना, तो माझ्या मते आजच्या कार्यक्रमाचा सर्वात वरचा क्षण होता. आजींचं नाव कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. त्यांच्या सूनबाई मला म्हणाल्या, "आम्हाला माहीतच नव्हतं त्यांना येतात ते." आजी, तुमच्या ओव्या पुढच्या रविवारी लिहून घ्यायला वाचनालयातल्या दोन मुली तुमच्याकडे येणार आहेत. तुम्ही हो म्हणालात, सगळ्यांसमोर, आता मागे फिरायचं नाही.

भारूड. एकनाथांचा विंचू पाचवीतल्या मुलांना चावला आणि मोठी माणसं हसून कळवळली. छान. मात्र शेवटी विंचू उतरवताना सत्त्वगुणाच्या अंगाऱ्याची ओळ मुलांनी घाईत गिळली. बाळांनो, सगळं भारूड त्या ओळीसाठी आहे. पुढच्या वेळी तिथे थोडं थांबा.

पोवाडा आठवीतल्या मुलीने म्हटला, डफ स्वतः वाजवून. मागे झीलकरी मुलगे होते आणि पुढे ती, हे पाहून छान वाटलं. आज आपल्याला माहीत असलेला सर्वात जुना पोवाडा अज्ञानदासाचा, अफझलखानाच्या वधावरचा, 1659 सालचा मानतात. म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षं हा प्रकार बातमी सांगत आला आहे. आणि तो फक्त गडकिल्ल्यांवर राहिला नाही, या आपल्या गिरणगावात आला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक 1944 सालचं. पाळी सुटलेले कामगार रस्त्यावर बसून ऐकायचे, तिकीट नाही, गादी नाही. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहिरांनी काय केलं ते इथल्या ज्येष्ठांना मी सांगायला नको. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि मग एकेक भोंगा बंद पडत गेला. आज समोर बसलेल्या कितीतरी घरांत तो इतिहास जेवणाच्या ताटापर्यंत आलेला आहे. या मुलीने पोवाड्यात शेवटचे दोन चौक त्या संपावर स्वतः रचले. यमक एका ठिकाणी ओढून आणलंय, असू दे. आजोबांना विचारून रचलंय, हे महत्त्वाचं.

कोळीनृत्य झकास. पण एक तक्रार नोंदवते, अध्यक्षांना तेवढा हक्क असावा. ते पेनड्राइव्हवरच्या गाण्यावर झालं. आपल्याच चाळीत ढोलकी वाजवणारे दोघे आहेत, आणि ते मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्या वर्षी पेनड्राइव्ह घरी, ढोलकी इथे. कार्यकारिणीने हे इतिवृत्तात लिहावं.

लावणीबद्दल बैठकीत कुरबुर झाली होती, लपवत नाही. "घरातली माणसं असतात समोर, लावणी कशाला?" आज बैठकीची लावणी झाली. बसून, नजरेने आणि बोटांनी एकेक ओळ चार तऱ्हांनी दाखवत. घरातली माणसं समोर होतीच, आणि पहिली दाद आजींच्या रांगेतून आली. याच लालबागेत हनुमान थिएटरला तमाशाचे फड लागायचे, गिरणीचा पगार झाला की गर्दी उसळायची. ही कला आपल्याकडे पाहुणी म्हणून आलेली नाही, इथलीच आहे.

आणि जाखडी. रत्नागिरीकडच्या आपल्या मंडळींनी संध्याकाळी येऊन मंच पाहिला आणि सांगितलं, "वर नाही नाचणार, खाली नाचू." संयोजकांचे चेहरे पडले, कारण दिवे मंचावर लावलेले. पण ते बरोबर होतं. जाखडी गोलात असते, मधोमध ढोलकी आणि गाणारे, भोवती नाचणारे, पायात चाळ. तिला पाठ आणि पुढा नाही. तुम्ही खुर्च्या सरकवल्या, रिंगण झालं, मागची मुलं पाण्याच्या टाकीवर चढली (उतरा आता). शक्तीवाल्यांनी प्रश्न टाकला, तुरेवाल्यांनी उत्तर दिलं, आणि शेवटच्या सवालाचं उत्तर अजून बाकी आहे असं मला सांगण्यात आलंय. ते शिमग्याला गावी देणार आहेत. या संघातले सगळे जण नोकरी करून, रात्री शाळेच्या व्हरांड्यात तालीम करत होते. त्यातला एक जण आत्ता इथे नाही. त्याची रात्रपाळी आहे. नाच संपल्यावर चाळ सोडून मित्राच्या हातात दिले आणि तो करी रोडच्या दिशेने धावला. त्याच्यासाठी एकदा टाळ्या. वाजवा, अजून वेळ आहे.

मराठीला अभिजात दर्जा देण्याचा निर्णय 3 ऑक्टोबर 2024 ला झाला, त्याचा आनंद आपण गेल्या वेळी पेढे वाटून साजरा केला. कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी आज आपण त्यापेक्षा मोठं काम केलं असं मला वाटतं. चार वेगळ्या जिल्ह्यांची मराठी एका पटांगणात ऐकली आणि कुणी कुणाच्या उच्चारांना हसलं नाही.

आता आभार. कार्यवाहांनी आभारप्रदर्शन वेगळं न ठेवता माझ्याकडेच सोपवलं, वेळ वाचावा म्हणून.

सर्व कलावंतांचे आभार, मानधनाऐवजी वडापाव आणि चहावर राजी झाल्याबद्दल विशेष. मुलांना भारूड बसवून देणाऱ्या बाईंचे. परवानग्यांसाठी पोलीस चौकी आणि पालिकेच्या कार्यालयात पाच-पाच फेऱ्या मारणाऱ्या आपल्या खजिनदारांचे. मंडपवाले, ध्वनिव्यवस्था, आणि सव्वासातला फेज गेला तेव्हा दहा मिनिटांत दिवे परत आणणारे आपले वायरमन काका, तुमच्याशिवाय आजचा पोवाडा मेणबत्तीत झाला असता. पटांगणातून गाड्या काढून रस्त्यावर लावलेल्या रहिवाशांचे, आज रात्री त्यांना झोप लागो. वर्गणी देणाऱ्या प्रत्येक खोलीचे, आणि "यंदा जमत नाही, पण काम सांगा" म्हणून खुर्च्या मांडायला आलेल्यांचेही तितकेच. चहाचं पातेलं दुपारपासून न विझवणाऱ्या पंधरा नंबरच्या वहिनींचे. उद्या सकाळी हे पटांगण झाडणाऱ्या सफाई कामगारांचे आधीच आभार मानते, आणि त्यांचं काम कमी व्हावं म्हणून कागदी कप आत्ताच पोत्यात टाका.

प्रेक्षक म्हणून तुम्ही शेवटपर्यंत बसलात, तुमचेही आभार.

दोन सूचना. जातं परत तिसऱ्या मजल्यावर न्यायचंय, चार दणकट माणसं पसायदान झाल्यावर मंचाजवळ थांबा. आणि एक लहान निळी चप्पल, डाव्या पायाची, चहाच्या टेबलावर ठेवली आहे.

नऊ सेहेचाळीस. चिठ्ठीत अजून एक मिनिट शिल्लक आहे, ते मी निवेदक ताईंना परत करते. कार्यक्रम संपला असं जाहीर करते. पसायदानासाठी सगळ्यांनी उभं राहावं. आजी, तुम्ही बसूनच म्हणा, पण सुरुवात तुम्ही करा.