वारीतली आजी

आळंदीहुन निघे पालखी,
टाळ-मृदंगा चढतो ताल,
डोईवरती तुळस घेउनी
आजी माझी धरते चाल.

दिवे घाट तो समोर येता
चढणीवरती दाटे श्वास,
"माउली" म्हणे पुढचा कोणी,
थकल्या जीवा मिळते आस.

भंडाऱ्याने पिवळी होते
जेजुरीतली सारी वाट,
नीरेमध्ये पादुकांस मग
स्नान घडे अन् गजबजे घाट.

टाचेवरच्या भेगेमध्ये
चिखल सुकूनी बसला काळा,
तरी रिंगणी अश्व धावता
फुगडीचा ये तिला उमाळा.

भीमातीरी पाय टेकता
कळस दिसे अन् भिजती डोळे,
तुळस उतरुनी आजी म्हणते,
"विठू, तुझे हे रोप कोवळे."