आभाळ बदलता येतं, तुमच्यावर पडलेला उजेड बदलत नाही

जळगाव, २४ मे

मयूरभाऊ आणि प्राजक्ताताई,

सप्रेम नमस्कार.

लग्नाचे सगळे फोटो मोठ्या स्क्रीनवर एकेक करून तपासले. हळद, अंतरपाट, सप्तपदी, पाठवणी हे सगळं छताखाली होतं, त्यातलं काहीही बिघडलेलं नाही. प्रश्न आहे तो आधी धूळ आणि मग वळवाचा पाऊस आला तेव्हाच्या, बाहेरच्या १८६ फोटोंचा. केळीच्या बांधावरचे तुमचे जोडीचे, मांडवाबाहेरचे ग्रुप आणि नवरदेवाच्या मिरवणुकीचे. फोनवर प्राजक्ताताईंनी विचारलं, "आभाळ निळं करून मिळेल का?" आणि मयूरभाऊंनी विचारलं, "मागे सातपुडा आणता येईल का?" दोन्हींचं उत्तर फोटोगणिक वेगळं आहे. त्यात सातपुड्याचं काम मृगाच्या आधीच करावं लागेल, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आभाळाचं. १८६ पैकी ११२ फोटोंत अडचण एवढीच, की आभाळ पांढरंफटक दिसतं. पण सगळे फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं जसंच्या तसं ठेवणाऱ्या फाइलमध्ये घेतलेले आहेत, आणि मोबाइलवर पाठवलेल्या छोट्या प्रतीपेक्षा त्या फाइलमध्ये उजळ भागाची माहिती बरीच जास्त असते. साधारण एक ते दीड स्टॉपपर्यंतचं, म्हणजे दुपटी ते जवळजवळ तिपटीने जास्त उजळलेलं आभाळ खाली ओढता येतं. तसं करून पाहिल्यावर ७० फोटोंत खरे ढग बाहेर आले, वळवाच्या आधीचे काळे, कडेला उजळ. या ७० फोटोंत दुसरं आभाळ लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते त्याच घडीचं, त्याच उजेडाचं आभाळ आहे. त्याची बरोबरी बाहेरून आणलेलं आभाळ करत नाही.

उरलेल्या ४२ फोटोंत लाल, हिरवा, निळा तिन्ही रंग पांढऱ्याच्या टोकाला जाऊन अडकले आहेत. तिथे फाइलमध्ये काही शिल्लकच नाही, त्यामुळे नवं आभाळ बसवावं लागेल. मात्र ते निळंशार आणि उन्हाचं नको. ढगाळ हवेत उजेड चहूबाजूंनी सारखा येतो. तुमच्या चेहऱ्यांवर नाकाखाली, हनुवटीखाली, फेट्याच्या कडेखाली कुठेच ठळक सावली नाही. मागे कडक ऊन आणि पुढे बिनसावलीचे चेहरे असले, की काय चुकलं ते सांगता आलं नाही तरी बघणाऱ्याला फोटो चिकटवल्यासारखा वाटतो. चेहऱ्यावर खोटी सावली रंगवण्याचा उपाय एखाद्या फोटोत जमतो, पण चाळीस फोटोंत चाळीस वेगळे चेहरे तयार होतात. म्हणून राखाडी-निळं, ढगांचा पोत असलेलं, डावीकडे किंचित उजळ आभाळ बसवू. डावीकडे का, तर बांधावर तुम्ही दक्षिणेला तोंड करून उभे होता आणि कॅमेरा उत्तरेकडे बघत होता, म्हणजे पावणेपाचचा पश्चिमेचा उजेड फोटोत डावीकडूनच येतो.

याच कारणाने मागे मावळता सूर्य लावता येणार नाही. मे महिन्यात सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, त्या बांधावरून दिसणाऱ्या सातपुड्याच्या रांगेमागे नाही. हे तुमच्या गावातलं लहान पोरही सांगेल, आणि अल्बम बघणारे बहुतेक जण गावातलेच असतील.

आता सातपुडा. रावेरकडच्या त्या शेतातून एरवी रांग स्वच्छ दिसते, त्या दिवशी आधी धुळीने आणि मग पावसाच्या पडद्याने झाकली. २३ फोटोंत डोंगराची कड अंधूक का होईना फाइलमध्ये आहे. धुकं कमी करून, फक्त तेवढ्या पट्ट्याचा कॉन्ट्रास्ट वाढवून ती वर आणता येते. डोंगर फिकट निळसर दिसतील, तसेच ठेवावेत. जास्त ओढलं तर त्या भागात दाणे उठतात आणि डोंगराच्या कडेला पांढरी किनार येते. बाकीच्या फोटोंत डोंगर अजिबात नाहीत. तिथे एकच खात्रीचा मार्ग आहे. त्याच बांधावर, त्याच जागी, त्याच उंचीवर कॅमेरा ठेवून, त्याच लेन्सने, संध्याकाळी साडेचार ते पाचमध्ये, ढगाळ दिवशी नुसत्या डोंगरांचे फोटो घ्यायचे आणि ते मागे बसवायचे. लेन्स तीच हवी, कारण ३५ एमएमला डोंगर बुटके दिसतात आणि ८५ एमएमला अंगावर आल्यासारखे. दुसऱ्या लेन्सचा डोंगर लावला की अंतराचा मेळ बसत नाही. ८५ एमएमच्या फोटोंत मागची केळी धूसर आहे, म्हणून डोंगर तिच्याहून थोडे जास्त धूसर करावे लागतात. फोकस तुमच्यावर असताना केळी धूसर आणि डोंगर टोकदार असं कॅमेऱ्यात कधी घडत नाही.

घाई आहे ती इथे. आज सातपुडा मेमधला आहे, तपकिरी, पानगळीचा. दोन-तीन चांगले पाऊस झाले की तो हिरवा होईल, बांधावर गवत येईल आणि हवेचा रंगही पालटेल. हिरवा डोंगर आणि पुढे वाळलेलं गवत, हा मेळ शेतकऱ्याच्या डोळ्याला लगेच खटकतो. त्यामुळे ७ जूनच्या आत मला एकदा शेतावर जाऊन यावं लागेल. तुम्ही येण्याची गरज नाही, फक्त काकांना सांगून ठेवा आणि उभं राहिलात तो बांध दाखवायला कुणाला तरी पाठवा.

आभाळ किंवा डोंगर बदलताना खरा वेळ जातो तो कडांवर. पैठणीचा काठ, खांदा, फेटा या घट्ट कडा सोप्या असतात. प्राजक्ताताईंचे वाऱ्याने उडालेले केस, मुंडावळ्यांच्या मोत्यांमधल्या फटी, फेट्याचा तुरा आणि जाळीची ओढणी इथे काम अवघड होतं. मूळ पांढऱ्या आभाळाचा उजेड केसांत आणि जाळीत मिसळलेला असतो, त्यामुळे गडद आभाळ मागे आलं की प्रत्येक केसाला पांढरी कड दिसते. ती हाताने काढावी लागते. ओढणी उडालेल्या ९ फोटोंत जाळीतून आरपार आभाळ दिसतं. तिथे प्रत्येक फोटोला दोन ते तीन तास लागतील. फाटलेल्या केळीच्या पानांच्या फटींचंही तसंच, पण तिथे चूक राहिली तरी नजर जात नाही. नवं आभाळ म्हणूनच फार गडद घेणार नाही. पांढऱ्याच्या जवळचं आभाळ असलं की कडा आपोआप सुटतात.

बांधाशेजारच्या पाटात आणि साचलेल्या पाण्यात जुनं पांढरं आभाळ दिसतं. वर ढग आणि पाण्यात कोरा पांढरा पट्टा असं राहू नये म्हणून नवं आभाळ उलटं करून, थोडं गडद आणि अस्पष्ट करून पाण्यातही बसवतो. मिरवणुकीच्या गाडीचं बॉनेट आणि मयूरभाऊंचा गॉगल यांचीही हीच गोष्ट.

पावसाच्या धारांचं गणित वेगळं आहे. मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने पडतो, म्हणजे १/२०० सेकंदात चार ते साडेचार सेंटीमीटरची रेघ ओढतो. मागच्या केळीवर किंवा आभाळावर आलेल्या रेघा बिनदिक्कत काढता येतात. गालावरच्याही निघतात. पैठणीच्या पदरावरच्या मात्र सगळ्या निघणार नाहीत, कारण रेघेखालची मोराची नक्षी परत रचावी लागते आणि मोर वाकडा झाला तर रेघेपेक्षा तोच जास्त दिसतो. फ्लॅश लागलेल्या काही फोटोंत लेन्सजवळचे थेंब पांढऱ्या गोळ्यांसारखे उमटलेत. मिरवणुकीतल्या एलईडीच्या उजेडात ते इतके सुंदर आलेत, की ते पुसू नका म्हणून मीच तुम्हाला विनंती करतो.

लेन्सच्या काचेवर थेंब बसून धूसर झालेले २१ फोटो आहेत. डाग मागच्या दृश्यावर असेल तर तो झाकता येतो. डाग चेहऱ्यावर असेल तर धूसर झालेला डोळा कोणत्याही उपायाने पुन्हा खरा टोकदार होत नाही. कृत्रिम टोक आणलं की चेहरा परका वाटतो. सुदैवाने ग्रुपचे फोटो एकापाठोपाठ पाच-सहा घेतलेत, त्यामुळे एका फोटोतला खराब चेहरा पुढच्या फोटोतून उचलून बसवता येईल. जिभाऊंनी मागितलेला सगळ्या भाऊबंदांचा फोटो असाच दोन फोटो जोडून पूर्ण होतो, त्याचा नमुना सोबत पाठवला आहे. आजींसोबतचा तुमचा बांधावरचा फोटो मात्र एकच आहे आणि डाग नेमका आजींच्या चेहऱ्यावर आहे. तो मऊ छटेत, काळा-पांढरा करून लहान आकारात छापू. त्यापेक्षा जास्त कबूल करणं बरोबर होणार नाही.

लाल छत्रीखालच्या १४ फोटोंत चेहऱ्यांवर लाल झाक आहे, कारण कापडातून गाळून आलेला उजेड लाल होतो. सगळा फोटो थंड करून भागत नाही, तसं केलं की केळी निळी पडते. चेहरा, मान आणि हात वेगळे निवडून झाक उतरवावी लागते. मूळ रंगासाठी मयूरभाऊंचं पांढरं उपरणं उपयोगी पडेल. धुळीने पिवळ्या पडलेल्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांच्या फोटोंनाही तेच.

मागची निळी ताडपत्री, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, जनरेटरची वायर, पायाजवळचा चिखल हे सगळं निघतं. ओल्या सिल्कचे गडद डाग बरेच उजळ होतात. ओल्या कापडाची अंगाला चिकटलेली चुणी तशीच राहील. व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं असल्याने आभाळ बदलायचा विचार सोडा, फक्त रंग सारखे करून देईन.

मोबाइलवर सगळंच छान दिसतं, म्हणून त्यावर निर्णय घेऊ नका. अल्बमचं उघडं पान १२ बाय ३६ इंचाचं आहे. ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो त्यावर पसरला की इंचाला सुमारे १६७ पिक्सेल उरतात आणि कडेची बारीक चूकही दिसते. पुन्हा बसवलेलं आभाळ असलेले फोटो त्यामुळे एका पानावर, १८ इंचांपर्यंतच ठेवू. बांधावरच्या सगळ्या फोटोंना एकाच संध्याकाळचं आभाळ वापरीन, नाहीतर पान उलटताच हवामान बदलल्यासारखं वाटेल.

तुमच्या ठरलेल्या रकमेत २५ फोटोंची अशी दुरुस्ती धरलेली आहे. त्यापुढे साध्या आभाळाला फोटोमागे २०० रुपये, केस-ओढणीच्या कामाला ६००. रॉमधून खरे ढग वर काढण्याचे वेगळे पैसे नाहीत, शेतावर जाऊन येण्याचेही नाहीत. फोटो क्रमांकांची यादी ३१ मेपर्यंत पाठवा. यादी करताना दोघं एकत्र बसा आणि शक्यतो लॅपटॉपवर बघा. ४१२ ते ४१८ हे छत्री उलटी झाल्यावर तुम्ही दोघं हसताय ते फोटो आहेत. त्यातली एकही धार काढू नये असं मला वाटतं, पण शब्द तुमचा.

यादी आली की ३ किंवा ४ जूनला, ज्या दिवशी ढग असतील त्या दिवशी, मी शेतावर जाईन. पहिले दहा फोटो १२ जूनला छापील नमुन्यासह घरी पोहोचवतो. ते बघून आभाळ फिकं-गडद सांगितलंत की बाकीचे त्याच मापाने करीन.

काका-काकूंना आणि आजींना नमस्कार.

आपला,
संजय